दोन टक्के कुठून आले?

दर महिन्याच्या एका शनिवारी आम्ही सात-आठ जण पुण्यात एकत्र बसून नव्या कंपन्यांचे पिच डेक बघतो. पिच डेक म्हणजे धंदा सुरू करणाऱ्याने पैसे घालू शकणाऱ्यांपुढे मांडलेल्या दहा-पंधरा स्लाइड. मागे एक तरुण आला होता. घरून कपडे नेऊन, धुऊन, इस्त्री करून परत पोचवायचे, असा त्याचा धंदा. बाजारपेठेच्या स्लाइडवर लिहिलं होतं की देशात ३० कोटी कुटुंबं आहेत आणि त्यातली फक्त एक टक्का मिळाली तरी ३० लाख ग्राहक होतात. आमच्यातल्या एकाने विचारलं, “काल किती घरांचे कपडे आले?” तो जरा चाचरला आणि म्हणाला, “एकेचाळीस, सर.” कुणी हसलं नाही. त्या दुपारी ऐकलेला सगळ्यात कामाचा आकडा तोच होता, आणि तो डेकमध्ये कुठेच नव्हता.

डेकमधल्या तीन स्लाइड पैसे घालणारा सगळ्यात जास्त वेळ बघतो: अडचण काय आहे, बाजारपेठ केवढी आहे आणि पैसे किती हवेत. मांडणारा त्या वेगवेगळ्या समजून बनवतो. बघणारा मात्र त्या एकाच गणिताच्या तीन ओळी म्हणून वाचतो. पहिल्या ओळीत ज्याची अडचण सांगितली, त्याचीच डोकी दुसऱ्या ओळीत मोजली आहेत का? आणि तिसऱ्या ओळीत मागितलेल्या पैशांतून त्यांतली किती डोकी खरोखर दारात येणार? हे कसं वाचायचं ते दाखवायला आमच्याकडे आलेले डेक मला वापरता येणार नाहीत, ते विश्वासाने दिलेले असतात. पण एक डेक जगजाहीर आहे. एअरबीएनबीचा.

तेव्हा तिचं नाव ‘एअरबेड अँड ब्रेकफास्ट’ होतं. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत औद्योगिक डिझाइनची मोठी परिषद भरली होती आणि हॉटेलं भरून गेली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोघांना घराचं वाढलेलं भाडं झेपत नव्हतं. त्यांनी बैठकीच्या खोलीत हवा भरायच्या गाद्या टाकल्या आणि रात्रीचे ८० डॉलर घेऊन तीन पाहुणे ठेवले. पुढे नेथन ब्लेचारझिक हा प्रोग्रामर तिसरा भागीदार झाला. त्यांचा सुरुवातीचा डेक आज इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. त्याच्या एकाहून जास्त आवृत्त्या फिरतात आणि काहींत आकडे बदललेले आहेत. माझ्या हाती जी जास्त प्रचलित आवृत्ती आहे, तिचेच आकडे इथे घेतो.

अडचणीच्या स्लाइडवर तीन वाक्यं आहेत. प्रवासाचं बुकिंग करणाऱ्यांना किंमत महत्त्वाची वाटते. हॉटेलात राहिलं की शहराशी आणि तिथल्या जगण्याशी संबंध येत नाही. आणि स्थानिक माणसाच्या घरी खोली घेण्याचा किंवा स्वतः यजमान होण्याचा सोपा मार्ग नाही. स्लाइड म्हणून ती छानच आहे. एका नजरेत वाचून होते.

पण पैसे घालणारा तिन्ही वाक्यांना एकच साधा प्रश्न लावतो: ही अडचण असलेला माणूस आज तिच्यावर काय करतो? किंमत टोचते, हे खरं. लोक स्वस्त हॉटेल शोधतात, ओळखीच्याकडे उतरतात. दुसरं वाक्य मात्र डळमळीत आहे. हॉटेलात राहून शहराशी नातं जुळलं नाही, म्हणून रात्री झोप उडालेला प्रवासी मला अजून भेटलेला नाही. ती आवड झाली. आवडीवरही धंदा चालतो, पण ग्राहक ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून टाळू शकतो. ज्यावर माणूस आधीच वेळ, पैसा किंवा धोका खर्च करतो आहे, ती खरी अडचण.

तिसऱ्या वाक्याला मात्र पुरावा होता आणि तो डेकमध्येच पुढे दिलेला होता. परक्याच्या सोफ्यावर फुकट झोपण्याची सोय करणाऱ्या काउचसर्फिंग या साइटचे सहा लाखांहून जास्त सदस्य होते. क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या साइटवर तात्पुरत्या निवासाच्या हजारो जाहिराती एकाच आठवड्यात पडत होत्या. म्हणजे लोक हे करतच होते, फक्त गैरसोयीने आणि जीव मुठीत धरून. माझ्या हातात असतं तर मी ही स्लाइड सगळ्यात पुढे आणली असती, आणि तिच्या शेजारी ऑक्टोबर २००७ ची ती गोष्ट: हॉटेलं भरली होती आणि तिघांनी जमिनीवर झोपायचे ८० डॉलर दिले. अडचणीचा तो सगळ्यात सणसणीत पुरावा होता, पण पहिल्या स्लाइडच्या गोडशा वाक्यांत तो कुठेच नाही.

आणखी एक अडचण तिथे लिहिलेली नाही: अनोळखी माणूस घरात घ्यायची भीती. बऱ्याच गुंतवणूकदारांच्या पोटात गोळा आला असेल तो तिच्यामुळेच. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर व्हेंचर्सचे फ्रेड विल्सन यांनी पुढे २०११ मध्ये उघडपणे लिहिलं की बैठकीच्या खोलीतल्या हवेच्या गाद्या हे उद्याचं हॉटेल असू शकतं, हे आमच्या पचनी पडलं नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका यजमान बाईंच्या घराची पाहुण्याने नासधूस केली, आणि कंपनीला यजमानांसाठी ५० हजार डॉलरची हमी जाहीर करावी लागली. लिहिलेल्या अडचणींपेक्षा न लिहिलेली अडचण महाग पडते. म्हणून डेक बघताना मी मांडणाऱ्याला विचारतो, ‘हे वापरायला तुमच्या सख्ख्या बहिणीला काय अडेल?’ उत्तर तयार नसेल, तर त्याने ग्राहकाशी बोलण्याऐवजी स्लाइडशीच जास्त बोलणं केलेलं असतं.

आता बाजारपेठ. इथे तीन वर्तुळं असतात आणि डेक बनवणाऱ्यांच्या बोलीत त्यांची नावं टॅम, सॅम आणि सॉम. टॅम म्हणजे जगातली सगळी बाजारपेठ, सॅम म्हणजे त्यातला आपल्या मालाला लागू पडणारा भाग, सॉम म्हणजे आपल्या वाट्याला येईल असं आपण म्हणतो तो तुकडा. एअरबीएनबीच्या स्लाइडवर मोठं वर्तुळ १९० कोटींचं होतं: जगभर बुक होणारे प्रवास. मधलं ५३ कोटी २० लाखांचं: स्वस्तातले आणि ऑनलाइन बुक होणारे. आतलं १ कोटी ६ लाखांचं: आमच्याकडून होतील ते. ५३ कोटी २० लाखांचे २ टक्के काढले की बरोबर तेवढेच येतात.

पहिल्या दोन आकड्यांच्या खाली स्रोत दिले होते. पर्यटन संघटनांची आकडेवारी आणि ऑनलाइन व्यवहार मोजणारी कंपनी. त्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद दोन टक्क्यांवर आहे, कारण तो आकडा कुणी मोजलेला नाही, तो ठरवलेला आहे. एवढ्या मोठ्या समुद्रातून फक्त चमचाभर, असं ऐकलं की मागणी विनम्र वाटते. पण चमचा कोण धरणार, ते कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्या कपडेवाल्या तरुणाचा एक टक्का आणि हे दोन टक्के एकाच घराण्यातले.

याला उलट बाजूने, खालून वर मोजून बघायचं असतं, आणि तसं मोजलं की या स्लाइडमधली खरी फट दिसते. अडचणीच्या स्लाइडवर दोन माणसं होती: खोली हवी असलेला पाहुणा आणि यजमान व्हायची इच्छा असलेला घरमालक. बाजारपेठेच्या स्लाइडवर फक्त पाहुणे मोजले. घरं मोजलीच नाहीत. पण या धंद्यात दाराबाहेर रांग कितीही असो, उघडी दारं असतील तेवढेच पाहुणे आत येणार. डेकमध्येच एका प्रवासाचा हिशेब तीन रात्रींचा, रात्रीचे ७० डॉलर असा धरला आहे. १ कोटी ६ लाख प्रवास म्हणजे ३ कोटी १८ लाख रात्री झाल्या. सामान्य घरमालक वर्षाला ३० रात्री परक्याला घरात घेईल असं धरू; तीस हा माझा अंदाज, कुणी वीस म्हणेल, कुणी साठ. तीस धरले तर दहा लाखांवर घरं लागतात. मग प्रश्न बदलतो. जगात स्वस्त प्रवास किती होतात, हे बाजूला पडतं आणि दहा लाख कुटुंबं आपली खोली परक्याला देतील का आणि त्यांना कोण, किती खर्चात तयार करणार, हे पुढे येतं. या प्रश्नाच्या उत्तराची थोडी तरी खूण क्रेगलिस्टच्या त्या जाहिरातींत होती, कारण त्या घर देणाऱ्यांच्या होत्या. मांडणाऱ्यांच्या हातात योग्य धागा होता, बाजारपेठेची स्लाइड करताना तो सुटला.

बाजारपेठ मोठीच हवी असा हट्ट गुंतवणूकदार का धरतात, हे बाहेरच्या माणसाला कधी कधी लोभ वाटतो. ते गणित बघा. २००८ च्या जूनमध्ये या तिघांनी १५ लाख डॉलरच्या मूल्यांकनावर दीड लाख डॉलर मागितले होते. म्हणजे दीड लाखाला कंपनीचा दहावा हिस्सा. चेस्की यांनीच नंतर सांगितलं की सात गुंतवणूकदारांशी ओळख करून दिली गेली, पाच जणांनी नकार कळवला आणि दोघांनी उत्तरच दिलं नाही. समजा, एखाद्याने हो म्हटलं असतं, आणि अशाच दहा कंपन्यांत त्याने दीड-दीड लाख घातले असते. एकूण १५ लाख. अशा कोवळ्या कंपन्यांपैकी बहुतेक बुडतात, म्हणून नऊ गेल्या असं धरू. दहावीत त्याचा हिस्सा पुढच्या फेऱ्यांमध्ये नवे शेअर निघाल्यामुळे १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येईल. ही बाजारपेठ लहान असेल आणि कंपनी फार तर ३ कोटी डॉलरची होणार असेल, तर त्याला मिळतील १५ लाख. मुद्दलाला मुद्दल, तेही सात-आठ वर्षांनी. कंपनी ३० कोटींची होऊ शकत असेल, तरच या खेळाला अर्थ. म्हणूनच त्या नकारांपैकी एकात, आमच्या पद्धतीला ही बाजारपेठ पुरेशी मोठी वाटत नाही, असं कारण होतं. ३ कोटी डॉलरची कंपनी ही मालकांसाठी सोन्याची असते. पैसे घालणाऱ्यासाठी ती नसते, आणि या दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत हे मांडणाऱ्यांना सहसा पैसे घेतल्यानंतर कळतं.

तिसरी स्लाइड पैशांची. तिथे मागणी ५ लाख डॉलरची होती. सोबत मुदत आणि उद्दिष्ट: बारा महिन्यांत ८० हजार प्रवास, २० लाख डॉलर उत्पन्न. असं लिहिलेली मागणी मला आवडते. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या डेकमध्ये रक्कम असते आणि खाली एक रंगीत गोल: मार्केटिंग चाळीस टक्के, तंत्रज्ञान तीस टक्के, बाकी इतर. त्या गोलातून काहीच कळत नाही. पैसा कशावर जाणार यापेक्षा पैसा संपेल त्या दिवशी काय सिद्ध झालेलं असेल, हे कळायला हवं. पुढच्या फेरीतला गुंतवणूकदार तेवढंच बघणार असतो.

पण बेरीज करा. ८० हजार प्रवास आणि २० लाख डॉलर, म्हणजे प्रत्येक प्रवासामागे २५ डॉलर कमिशन. स्लाइडवर तसंच लिहिलं आहे. त्याच डेकमध्ये धंद्याच्या स्लाइडवर मात्र प्रवासामागे २० डॉलर धरले आहेत. तीन रात्री, ७० डॉलर, दहा टक्के. म्हणजे २१, ढोबळमानाने २०. मग पैशांच्या स्लाइडवर २५ कसे? २० धरले तर वर्षाचं उत्पन्न १६ लाखांवर येतं, चार लाख गळतात. चार लाखांनी कंपनी बुडत नाही. पण अशी फट दिसली की मी ती विचारतोच, आणि उत्तरापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा बघतो. ‘अरे हो, चुकलं, एका जागी जुना आकडा राहिला,’ असं म्हणणाऱ्याबरोबर काम करता येतं. जो दोन्ही आकडे कसे एकाच वेळी बरोबर आहेत हे पटवायला लागतो, तो उद्या महिन्याचा हिशेबही तसाच पटवील.

मुदतीचाही प्रश्न आहे. बारा महिन्यांचे पैसे घेतले तर पुढची फेरी उभी करायला चार-सहा महिने लागतात, म्हणजे सातव्या महिन्यातच दाखवण्यासारखं काही हातात हवं. त्यामुळे हल्ली अठरा महिन्यांचा पैसा मागा असं सांगितलं जातं. आणि ८० हजारांवरून २०११ पर्यंत १ कोटी ६ लाखांवर जायचं म्हणजे दोन-अडीच वर्षांत एकशे तीसपटींहून जास्त. मोठं वर्तुळ आणि पैशांची मागणी यांच्यामध्ये अशी दरी असेल तर दोन्ही स्लाइड वेगवेगळ्या रात्री बनवल्या आहेत, असं समजावं.

मग हा डेक नाकारायला हवा होता का? पुढे काय झालं ते बघू. २००९ च्या सुरुवातीला वाय कॉम्बिनेटरने त्यांना २० हजार डॉलर देऊन ६ टक्के हिस्सा घेतला. तिथल्या पॉल ग्रॅहम यांनी त्यांना, तुमचे ग्राहक जिथे आहेत तिथे जा, म्हणून न्यूयॉर्कला पिटाळलं. दोघे कॅमेरा घेऊन दारोदार फिरले आणि घरांचे चांगले फोटो काढले. आठवड्याचं उत्पन्न २०० डॉलरवरून ४०० वर गेलं. आकडे हास्यास्पद आहेत, पण नीट बघा: बाजारपेठेच्या स्लाइडवर जी बाजू मोजायची राहिली होती, ती घर देणाऱ्याची, तिच्यावरच त्यांनी हात टाकला.

त्या वसंतात सेकोया कॅपिटलचे ग्रेग मॅकअडू तिथे आले. सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांच्या धंद्याचा त्यांनी आधीच दीडेक वर्ष अभ्यास केला होता आणि तो सुमारे ४० अब्ज डॉलरचा आहे असा त्यांचा हिशेब होता. या तिघांनी स्वतःच्या धंद्याकडे त्या बाजूने बघितलेलंच नव्हतं. थोडक्यात, ज्याने हो म्हटलं त्याने डेकमधलं वर्तुळ मानलं नाही. तो स्वतःचं वर्तुळ घेऊन आला होता, आणि ते घरांचं होतं. एप्रिल २००९ मध्ये सुमारे ६ लाख डॉलर आले, मागितले होते त्याच्या आसपास.

डेकमधलं भाकीत तर साफ चुकलं. २०१२ च्या सुरुवातीला कंपनीने आजवर ५० लाख रात्रींचं बुकिंग झाल्याचं जाहीर केलं. डेकप्रमाणे एकट्या २०११ मध्ये ३ कोटींवर रात्री व्हायला हव्या होत्या. म्हणजे सगळी वर्षं मिळूनही सहावा हिस्सा. २०१९ मध्ये मात्र एका वर्षात ३२ कोटी ७० लाख बुकिंग झाली. त्यात रात्रींबरोबर सहली-अनुभवांची बुकिंगंही धरली आहेत, पण तीन रात्रींच्या जुन्या हिशेबाने भागलं तर प्रवास जवळपास ११ कोटी होतात. स्लाइडवरच्या १ कोटी ६ लाखांच्या दहापट, ठरलेल्या वर्षानंतर आठ वर्षांनी. शेअर बाजारात कंपनी आली ती डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे एप्रिल २००९ ला पैसे घालणाऱ्याने साडेअकरा वर्षं वाट पाहिली. आमच्या शनिवारच्या बैठकीत कुणी ‘पाच वर्षांत बाहेर पडू’ असं स्लाइडवर लिहून आणलं, की मी त्या ओळीखाली पेन्सिलने एक रेघ ओढतो आणि मग काल किती घरांचे कपडे आले ते विचारतो.